मोटर ट्रिप मारते

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात बोअरची मोटर बंद पडली, की पहिल्या पाच मिनिटांत चार निदानं होतात आणि त्यातलं एकही मीटर लावून झालेलं नसतं. घरातले आबा म्हणतात, पाणी आटलं. शेजारच्या मळ्यातले तात्या म्हणतात, फेज गेला. थोरला मुलगा म्हणतो, स्टार्टर भंगार आहे, तेव्हाच सांगितलं होतं भारीतला घ्या. आणि वायरमन त्या वेळी दुसऱ्याच कोणाच्या तरी बांधावर असतो. तो फोनवरूनच सांगतो, "भाऊ, रिले थोडा वाढवून घ्या, मी संध्याकाळी येतो." संध्याकाळ कोणत्या दिवसाची, हे विचारायची पद्धत नाही.

या चौघांकडे जरा लक्ष देऊन पाहिलं तर कळतं, की ज्याचं जे पूर्वी जळालंय तेच त्याला दुसऱ्याच्या बोअरमध्ये दिसतं. आबांचा मागचा बोअर खरोखरच आटला होता. तात्यांची मोटर फेज जाऊन जळाली होती. वायरमनचं काहीच जळालेलं नाही, म्हणून तो सरळ रिले वाढवायला सांगतो.

ज्याच्यावरून ही चर्चा चाललेली असते ती वस्तू पत्र्याच्या पेटीत शांत बसलेली असते. ही पेटी वर्षातून एकदाच मनापासून उघडली जाते, खंडेनवमीला. त्या दिवशी स्टार्टरला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल अडकवलं जातं आणि आत राहणाऱ्या पालीला दुसरीकडे स्थलांतर करावं लागतं. बाकीचे दिवस पेटीचा संबंध हिरव्या आणि लाल बटणापुरता. मधल्या काचेत अँपिअरचा काटा असतो. बहुतेक ठिकाणी त्या काचेवर इतकी धूळ असते, की काटा आहे हे माहीत असणाऱ्यालाच तो दिसतो. आणि चौघांच्या वादाचा निकाल नेमका त्या काट्यापाशी असतो.

ओव्हरलोड रिले हे यंत्र तसं साधं आहे. मोटरकडे जाणारे तिन्ही फेज त्यातल्या तीन पट्ट्यांना तापवत जातात. प्रत्येक पट्टी दोन वेगळ्या धातूंची, एकमेकांना चिकटवलेली. तापल्यावर एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. पुरेशी वाकली की ती एक खटका सरकवते, कॉन्टॅक्टर सुटतो आणि मोटर थांबते. किती अँपिअरला वाकायचं, हे वरची छोटी चकती ठरवते. मोटरच्या पाटीवर १५ अँपिअर लिहिलं असेल तर चकती १५ वर असायला हवी. रिलेला पाणी दिसत नाही, बोअर दिसत नाही, केळी तर नाहीच नाही. त्याला फक्त उष्णता कळते.

गावातल्या उधारीवाल्या किराणा दुकानदाराचा आणि रिलेचा हिशेब एकच आहे. थोडी मर्यादा ओलांडली तर तो बराच काळ काही बोलत नाही. जास्त ओलांडली तर लवकर बोलतो. फार ओलांडली तर तिथल्या तिथे माल देणं बंद. आणि एकदा बंद केल्यावर पाच मिनिटांनी परत गेलात, तर जुनी बाकी तो विसरलेला नसतो.

या स्वभावाचे आकडे आंतरराष्ट्रीय मानकातच लिहून ठेवलेले आहेत. शेतातल्या स्टार्टरमध्ये साधारणपणे असतो तो दहाच्या वर्गातला रिले, चकतीवरच्या आकड्याच्या १.०५ पट प्रवाहाला दोन तासांत पडता कामा नये. १.२ पट झाला तर दोन तासांच्या आत पडलाच पाहिजे. मोटर गरम चालत असताना दीडपट झाला तर चार मिनिटांच्या आत. आणि मोटर अडकून ७.२ पट झाला तर दहा सेकंदांत. म्हणजे "काही मिनिटांनी ट्रिप मारते" या तक्रारीत "काही" हाच शब्द महत्त्वाचा आहे. दहा सेकंदांनी पडत असेल तर मोटर फिरतच नाही. दोन-तीन मिनिटांनी पडत असेल तर प्रवाह दीडपटीच्या आसपास आहे. पाव-अर्ध्या तासानं पडत असेल तर प्रवाह जेमतेम वीस टक्क्यांनी जास्त आहे. पण खानदेशात या प्रश्नाला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: "एक दारं धरलं, चहा घेतला, न् पडली." चहा किती वेळाचा, यावर पुढचं सगळं अवलंबून.

दुसरी खूण आणखी बोलकी आहे. पहिल्यांदा पंचवीस मिनिटांनी पडली, लगेच बटण दाबलं तर आठ मिनिटांनी, पुन्हा दाबलं तर चार मिनिटांनी. माणसं म्हणतात मोटर बिघडत चाललीय. मोटर तशीच आहे. रिलेच्या पट्ट्या पुरत्या निवलेल्या नाहीत, एवढंच. म्हणून पहिल्या, थंड सुरुवातीची वेळ तेवढी खरी धरायची.

आता आबांचं निदान. पाणी आटलं म्हणून ओव्हरलोड पडला, हे वाक्य खानदेशात रोज बोललं जातं आणि ते जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. बिचाऱ्या आबांचा तर्क सरळ आहे: पाणी खोल गेलं, मोटरला जोर पडला, म्हणून ती थांबली. पंपाचा व्यवहार मात्र उलटा. मोटर दमते ती पाणी उचलल्यानं. उचलायला पाणीच उरलं नाही, तर पंखे मोकळे फिरतात आणि १५ वर असलेला काटा आठ-नऊवर येतो. ओव्हरलोड रिलेच्या दृष्टीनं हा सुखाचा काळ असतो. मोटर तळाशी कोरडी फिरतेय, पाण्यानंच वंगण मिळणारे बुश घासले जातायत, मोटरभोवतीचं पाणी हललं नाही म्हणून ती तापतेय, आणि वर रिले समाधानानं गप्प आहे. कोरडं चालणं त्याच्या कामात येतच नाही.

धुळे जिल्ह्यात हे जास्त पाहायला मिळतं, कारण तिथला बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. पाणी असतं ते खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. साक्री-शिंदखेड्याकडचा बोअर पहिली वीस मिनिटं भरभरून देतो, मग भेगेतून येणारं पाणी पंपाला पुरत नाही. पाइपाच्या तोंडाशी गुळण्या सुरू होतात, धार तुटते, जुळते, पुन्हा तुटते. वर काटा नाचायला लागतो, पंधरा, अकरा, चौदा, नऊ. शेवटी नऊवर बसून राहतो. बांधावरचा माणूस म्हणतो, "पानी संपनं भो." या वेळी तो अगदी बरोबर असतो, पण या वेळी मोटर बंद पडत नाही. ती चालूच राहते आणि थोड्या दिवसांनी रिवाइंडिंगवाल्याकडे पोहोचते.

यावर उपाय म्हणून कमी प्रवाह ओळखणारे इलेक्ट्रॉनिक पॅनेल आले. काटा ठरावीक आकड्याखाली गेला की ते मोटर थांबवतं, 'ड्राय रन'चा लाल दिवा लावतं, आणि अर्ध्या-एक तासानं, म्हणजे बोअर भरायला सवड देऊन, पुन्हा चालू करतं. सोय चांगली. पण या दिव्यानं एक नवीच गंमत केलीय. पॅनेललाही बोअर दिसत नाही, त्याला फक्त कमी अँपिअर दिसतात. जळगाव जिल्ह्यात ठिबक सर्वत्र आहे. ठिबकचा फिल्टर शेवाळानं आणि गाळानं तुंबला की पाणी पुढे जात नाही, पंपाचं काम कमी होतं, अँपिअर उतरतात आणि पॅनेल जाहीर करतं: बोअर कोरडा. खाली पाणी भरपूर आणि वर शोककळा. पंपाचा शाफ्ट किंवा कपलिंग तुटलं तरी हाच दिवा लागतो, कारण तेव्हाही मोटर मोकळीच फिरत असते.

तिन्ही वेगळे ओळखायला मोटर वर काढावी लागत नाही. तासभर थांबून पुन्हा चालू करायची. पाणी जोरात आलं आणि काही मिनिटांनी धार तुटली, तर बोअर खरंच कमी पडतोय. पाणी आलंच नाही आणि काटा पहिल्यापासून खालीच, तर शाफ्टवर संशय. आणि फिल्टरच्या आधीचा कॉक बाहेर मोकळा सोडल्यावर पाणी धो-धो येत असेल, तर फिल्टर धुवायचा. फिल्टर धुणं हे काम घरात कोणाचं, हा प्रश्न मात्र कोणत्याही मीटरनं सुटलेला नाही.

तात्यांचं निदान अधिक मानाचं आहे, कारण फेज जाणं हे खरोखरच मोटरमारक प्रकरण. चालत्या मोटरचा एक फेज गेला तर ती लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर घुरघुरत चालत राहते आणि त्या दोघांमधला प्रवाह पावणेदोन पटीपर्यंत किंवा त्याच्याही वर जातो. १५ च्या जागी २६-२७ अँपिअर. रिले नीट लावलेला असेल तर दोन-तीन मिनिटांत पडतो. उभ्या मोटरला मग पुन्हा बटण दाबलं तर ती फिरतच नाही, नुसती गुणगुणते आणि काही सेकंदांत परत खटका.

तरीही "फेज आहे की नाही" यावर बांधावर अर्धा अर्धा तास वाद चालतो, आणि त्याला कारण आहे. मोटर चालू असताना मीटरनं व्होल्टेज पाहिलं तर गेलेल्या फेजवरही बऱ्यापैकी व्होल्टेज दिसतं. फिरती मोटर स्वतःच त्या तुटलेल्या तारेवर व्होल्टेज तयार करते. टेस्टर लावला तर तोही आनंदानं पेटतो. म्हणजे जो आरोपी त्याचीच साक्ष. म्हणून चालत्या मोटरला व्होल्टेज विचारायचं नाही, अँपिअर विचारायचे. टाँग टेस्टरचा चिमटा एकेका वायरवर लावला, की दोन वायरींवर २६ आणि तिसरीवर शून्य दिसतं. मग वाद संपतो, तात्या जिंकतात आणि चहा त्यांच्याकडून होतो.

मोटर बंद असताना जुना उपाय दिव्यांचा. तिन्ही फेजना न्यूट्रलशी एकेक पिवळा बल्ब जोडायचा. दोन लखलखीत आणि एक मेलेला, तर डीपीवरचा खालच्या बाजूचा एक फ्यूज उडालाय. एक लखलखीत आणि दोन मंद, तर बिघाड आपल्या आवाक्याबाहेर आहे: ११ हजार व्होल्टच्या बाजूचा एक फेज गेलाय आणि ट्रान्सफॉर्मर खाली एक फेज पूर्ण, दोन अर्धे देतोय. पहिल्या प्रकारात माणसं काठी घेऊन डीपीकडे निघतात. तेही करू नये, ते लाईनमनचं काम; पण निघतात. दुसऱ्या प्रकारात महावितरणला फोन करण्याशिवाय मार्ग नाही. हल्ली पिवळा बल्ब मिळेनासा झालाय आणि त्याच्या जागी एलईडी आलाय. बरेचसे एलईडी दिवे अर्ध्या व्होल्टेजवरही तितकेच प्रसन्न दिसतात. त्यामुळे नव्या दिव्यांच्या उजेडात तिन्ही फेज उत्तम असल्याचं आढळतं आणि मोटर तेवढी सुरू होत नाही.

पूर्ण फेज जाण्यापेक्षा फसवी गोष्ट म्हणजे फेज अर्धवट दुबळा असणं. तिन्ही फेजच्या व्होल्टेजमध्ये दोन-तीन टक्क्यांचा फरक असला, तर अँपिअरमध्ये तो सहा ते दहा पटींनी वाढून दिसतो. एका वायरवर १४, दुसरीवर १५, तिसरीवर १९. आता दोष डीपीचा की मोटरचा? इथे एक जुनी युक्ती आहे आणि तिच्यासाठी फक्त पेचकस लागतो. वीज बंद करून मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी स्टार्टरवर एकेक जागा पुढे सरकवायच्या: पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या, तिसरी पहिलीच्या. अशा फिरवण्यानं मोटरची दिशा बदलत नाही. मग पुन्हा अँपिअर मोजायचे. १९ चा आकडा जर त्याच फेजवर राहिला तर दोष वरून येणाऱ्या विजेचा. तो वायरीबरोबर सरकला, तर दोष केबलच्या जॉइंटमध्ये किंवा मोटरमध्ये. अनेक मोटरी बोअरमधून वर काढल्या गेल्या आणि तशाच चांगल्या अवस्थेत परत सोडल्या गेल्या, त्यामागचं कारण एवढंच, की कोणी तीन स्क्रू फिरवले नाहीत. मोटर काढणाऱ्या गाडीवाल्यांनी याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आता तो प्रकार, ज्याचं निदान चौघांपैकी कोणीच केलं नव्हतं. नमुन्यादाखल यावल तालुक्यातला एक केळीचा मळा धरू. तापीच्या गाळाचा प्रदेश, दशकानुदशकं उपसा चाललेला; रावेर आणि यावल ही नावं भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात अतिउपशाच्या यादीत वारंवार येत आलीत. पाणी खाली गेलं तशी मोटरही खाली गेली. आधी १०० मीटरवर होती, मग १४०, आता १८०. दर वेळी पाइप वाढले आणि केबलला तुकडा जोडला गेला. मोटर साडेसात एचपीची, पाटीवर ४१५ व्होल्ट आणि १५ अँपिअर. स्टार्टरपासून मोटरपर्यंत केबल २०० मीटर, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची. १०० मीटरवर जी केबल चालून गेली तीच पुढे वाढवली. वाढवताना तिच्या जाडीचा विचार कोणाच्याही मनात आला नाही, कारण दुकानात केबल मागताना माणूस मीटर सांगतो, जाडी दुकानदार ठरवतो.

रात्रीच्या पाळीची लाईट येते. त्या क्षणी स्टार्टरवर व्होल्टेज ४१०. पण डीपीवरच्या बहुतेक मोटरींना ऑटो स्विच आहे, म्हणजे लाईट आली की मालक झोपेत असतानाच मोटर आपण होऊन चालू. ऑटो स्विच वापरू नका, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं विनवतं. शिवार मान डोलावतं आणि ऑटो स्विच तसाच ठेवतं. साऱ्या मोटरी एकदम उठतात आणि पाच मिनिटांत व्होल्टेज ३६५ वर येतं. हे सगळं जमिनीवर, मीटरला दिसणारं.

खाली काय चाललंय ते मीटरला दिसत नाही. १८० मीटर खोल, पाण्यात, मीटर घेऊन जाणार कोण? ते हिशेबानं काढावं लागतं. अडीच स्क्वेअरच्या लवचीक तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ८ ओहम, म्हणजे २०० मीटरला १.६. प्रवाह १८ अँपिअर धरला तर १.७३ गुणिले १८ गुणिले १.६, आणि पॉवर फॅक्टरसाठी ०.८५ नं गुणलं की ४२ व्होल्ट. एवढे व्होल्ट केबलच खाते. मोटरच्या हाती पडतात ३२३. पाटीवर मात्र ४१५ लिहिलंय.

मोटरचा स्वभाव कष्टाळू आहे. व्होल्टेज कमी मिळालं म्हणून ती काम कमी करत नाही. पाणी तेवढंच उचलायचं असतं, मग ती अँपिअर वाढवून घेते. १५ चे १८ होतात. अँपिअर वाढले की केबलमधली घट वाढते, घट वाढली की मोटरला आणखी कमी व्होल्टेज. आणि १८ म्हणजे १५ च्या बरोबर १.२ पट. रिलेनं मानकाप्रमाणे दोन तासांच्या आत पडलंच पाहिजे. मे महिन्यात खानदेशात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याची पेटी दिवसभर भाजून निघालेली असते आणि आत रिले आधीच तापून बसलेला असतो. तो दोन तास कशाला वाट पाहील? अर्ध्या तासात खटका. काही मळ्यांत पेटीवर ओलं गोणपाट टाकतात. त्यानं रिले शांत होतो, अँपिअर १८ च राहतात.

या केबलचा आणखी एक हिशेब मांडण्यासारखा आहे. तीन तारा, प्रत्येकीत १८ अँपिअर, १.६ ओहम: साधारण दीड किलोवॅट. म्हणजे दोन अश्वशक्तींहून जास्त वीज बोअरमध्ये पाणी कोमट करण्यात जातेय. साडेसात घोड्यांची मोटर घेतली आणि दोन घोडे वाटेतच चरायला सोडले. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज देणारी राज्याची योजना आहे, त्यामुळे या दोन घोड्यांचा चारा बिलात दिसत नाही. दिसला असता तर केबल केव्हाच बदलली गेली असती.

तीन लक्षणं आता काट्यावर वेगळी दिसतात. पाणी संपलं तर काटा खाली येतो. फेज गेला तर दोन वर आणि एक शून्य. व्होल्टेज कमी पडलं तर तिन्ही सारखेच वर. या मळ्यावर चिमटा लावला तेव्हा आकडे आले १८.२, १७.९ आणि १८.४, आणि पाण्याची धार अखंड. आबा आणि तात्या एकाच मिनिटात बाद झाले. थोरल्या मुलाचा स्टार्टरही निर्दोष सुटला. तो तर आपलं काम चोख करत होता. राहिला वायरमन.

रिले वाढवणं हे औषध खानदेशात सगळ्यात स्वस्त, कारण त्याला फक्त बोट लागतं. चकती १५ वरून २० वर नेली की ट्रिप थांबते हे खरं आहे. १८ अँपिअर मग मोटर निमूटपणे सोसते, आणि कोणताच खटका न पडता एका पहाटे डीपीचा फ्यूज उडतो. त्याहून धाडसी लोक रिलेमध्ये काडी खोचतात किंवा वायर त्याला वळसा घालून थेट जोडतात. अशी मोटर जळाल्यावर रिवाइंडिंगच्या दुकानात विचारलं जातं, "स्टार्टरला रिले होता का?" उत्तर तयार असतं, "होता ना, चांगला कंपनीचा."

मळ्यावर खरा बदल झाला तो केबलचा. पंप बनवणारे केबलमधली घट तीन टक्क्यांच्या आसपास ठेवायला सांगतात, म्हणजे ४१५ वर साडेबारा व्होल्ट. सहा स्क्वेअरची केबल घेतली तर २०० मीटरला रोध ०.६६ ओहम आणि १६ अँपिअरला घट साडेपंधरा व्होल्ट. अगदी नियमात नाही, पण ४२ च्या तुलनेत चैनच. मोटरला आता ३५० मिळतात. वरून येणारं ३६५ हे काही केबलनं सुधारत नाही. ४१५ मधून नियमातले सहा टक्के वजा केले तरी ३९० यायला हवेत, आणि त्यासाठी डीपीवरचा भार कमी व्हायला हवा. तो अर्ज वेगळा, त्याची चप्पल वेगळी झिजते. तोवर मालकानं ऑटो स्विच काढला आणि शेजाऱ्यांच्या मोटरी उठून स्थिर झाल्यावर, दहा मिनिटं थांबून, आपली चालू करायला सुरुवात केली. अँपिअर साडेसोळावर आले. रिले तरीही रात्रीतून एकदा पडायचा.

शेवटचा दीड अँपिअर उतरवला तो वाल्वनं, आणि इथे आबांचा सगळ्या शास्त्रावरचा विश्वास उडाला. वायरमननं गेट वाल्व तीन-चार आटे दाबला आणि काटा १५ वर आला. आबांच्या मते वाल्व दाबला की मोटरवर ताण पडतो, पाणी आत कोंडतं, मोटर फुटते. या प्रकारच्या पंपात पाणी जितकं जास्त फेकाल तितकी ताकद जास्त लागते. थोडं अडवलं की भार कमी होतो. पार बंद करायचा नाही, कारण तेव्हा मोटरभोवतीचं पाणी थांबतं आणि ती तापते. थोडासा, काट्याकडे बघत, दाबायचा.

याचाच उलटा प्रकार पावसाळ्यानंतर दिसतो. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या आखणीनं नाले रुंद आणि खोल करून बंधारे घातले गेले, तशा पट्ट्यात पाण्याची पातळी वर येते. १५० मीटरवरून उचलण्यासाठी घेतलेला पंप आता ८० मीटरवरून उचलतो. त्याला एवढं सोपं काम कधी मिळालेलं नसतं, म्हणून तो भसाभस पाणी फेकतो, अँपिअर चढतात आणि रिले पडतो. विहिरी भरल्या आणि मोटर बंद पडली, हे वाक्य गावात कोणाला पटवून सांगणं अवघड. तिथेही उपाय तोच, वाल्व थोडा दाबणं, नाहीतर पंपाचे दोन-तीन टप्पे कमी करून घेणं.

यावलच्या मळ्यावर वायरमननं वाल्वच्या दांडीवर लाल रंगाची खूण केली आणि बजावलं, इथपर्यंतच उघडायचा. दोन दिवसांनी रिले पुन्हा पडला. वाल्व पूर्ण उघडा होता. कोणी उघडला हे कोणीच सांगेना. आबा त्या वेळी केळीच्या बागेत पाहणी करत होते. वायरमननं वाल्व पुन्हा खुणेवर आणला, वरचं चाक पाना लावून काढलं आणि थोरल्या सुनेच्या ताब्यात दिलं. "आबांनी मागितलं तरी देऊ नका वहिनी," तो म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारून तात्यांच्या बोअरकडे निघाला. तिथे फेज गेला होता, असं तात्यांचं म्हणणं होतं.